रात्रीचा एक पेला आणि तीन वाजताची जाग

विश्रामबागची
मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार. मी येथे बरेच दिवस वाचते आहे, लिहिते मात्र आज पहिल्यांदाच. विषय थोडा अवघड आहे. उपदेश घरात भरपूर मिळतो, त्यामुळे येथे माहिती मिळाली तर बरे वाटेल.

माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. बाळंतपण माहेरी विट्याला झाले आणि तिसऱ्या महिन्यात आम्ही सांगलीला परतलो. मिस्टर साखर कारखान्यात आहेत. गळीत हंगाम सुरू असल्याने त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते, आणि बारा ते आठची पाळी असते त्या आठवड्यात रात्रभर मी आणि मुलगी दोघीच घरात असतो. सासूबाई गावी असतात. त्यांच्याकडेही गुरे आणि शेती आहे, म्हणून त्यांना दोष देत नाही.

गेल्या दीड महिन्यापासून मुलगी साडेनऊला झोपली की मी जेवणानंतर वाइनचा एक पेला घेते. फक्त एकच. त्यानंतर लगेच झोप लागते, जी एरवी लागत नाही. साडेबारा आणि साडेतीनच्या सुमारास मुलगी दुधासाठी उठते. मी कोठेतरी वाचले होते की दोन तासांनंतर दूध पाजायला हरकत नसते, म्हणून त्याबाबत निश्चिंत होते. मात्र हल्ली एक विचित्र गोष्ट घडते. मुलगी शांत झोपलेली असतानाही मला अडीच-तीनला जाग येते आणि पाच वाजेपर्यंत डोळा लागत नाही. परवा तर सोफ्यावर बसून पाजता पाजता मला डुलकी लागली आणि दचकून जागी झाले तेव्हा ती माझ्या कुशीतून घसरून उशीच्या फटीकडे सरकली होती. काही झाले नाही, पण तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

दुधाचा हिशोब बरोबर आहे का, आणि एवढ्याशा पेल्याचा झोपेशी खरोखर काही संबंध असू शकतो का, हे दोन प्रश्न आहेत.

शेंगदाणा_चटणी
मंगळवार, रात्री ११.५८

कायद्याने पाहिले तर महाराष्ट्रात घरात बसून पिण्यासाठीही परवाना लागतो. जन्मदाखल्याच्या अर्जासोबतच तोही मिळावा, अशी सूचना मी नगरसेवकांना करणार आहे. गंमत सोडा, सोफ्याचे वाचून माझ्या पोटात गोळा आला. सोफा आजच बंद करा.

सज्जन_सातारा
बुधवार, सकाळी ६.१०

ताई, धीर सोडू नका. नवऱ्याची दारू सोडवणे अवघड असले तरी अशक्य नाही. माझ्या मेव्हण्याची सुटली. घरात भांडण न करता, ज्या मित्रांसोबत ते बसतात त्यांच्या घरच्यांशी आधी बोला.

विश्रामबागची
बुधवार, सकाळी ७.०२

दादा, मिस्टर सुपारीचे खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. पिणारी मी आहे.

सज्जन_सातारा
बुधवार, सकाळी ७.१५

क्षमस्व, घाईत वाचले. मग तर काय बोलावे हेच सुचत नाही. आमच्या काळी बाळंतिणीने असे काही मनातही आणले नसते.

फलटणची_काकू
बुधवार, सकाळी ८.३०

आमच्या काळी काय होते ते मी सांगते, कारण माझेही केस पांढरे झाले आहेत. माझ्या पहिल्या बाळंतपणात थंडीच्या दिवसांत माझ्या आत्याने मला रोज रात्री कोमट पाण्यात चमचाभर ब्रँडी दिली होती, अंग उबदार राहावे आणि दूध उतरावे म्हणून. बाळाला सर्दी झाली तर त्याच्या छातीला तीच ब्रँडी चोळली जायची. तेव्हा कोणाला त्यात काही गैर वाटले नाही. त्यामुळे हे नवीन पिढीचे खूळ आहे असे म्हणू नये. चमचाभर घेतल्याने काही बिघडत नाही, उलट दूध वाढते असा माझा अनुभव आहे.

मिरजवासी
बुधवार, दुपारी २.२०

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे आणि मिरजेत राहतो. माणसांना निद्रिस्त करणे हेच रोजचे काम असल्यामुळे या धाग्यावर लिहावेसे वाटले. हिशोबाला लागण्याआधी मूळ लेखिकेने मला एक सांगावे. तुमचा पेला किती मिलिलिटरचा आहे? अंदाजाने नको. आज रात्री पाण्याने भरून स्वयंपाकघरातील मापाच्या कपाने मोजा आणि बाटलीवर अल्कोहोलची टक्केवारी किती छापली आहे तेही पाहा.

फलटणच्या काकूंना तोवर एवढेच सांगतो की ब्रँडीने दूध वाढत नाही. दूध सुटण्यासाठी शरीरात जी संप्रेरक-लाट यावी लागते ती अल्कोहोलमुळे दबते, त्यामुळे बाळाला त्या वेळी दूध कमी मिळते. भरलेली छाती मात्र रिकामी होत नाही, म्हणून आईला दूध वाढल्यासारखे वाटते. छातीला चोळलेली ब्रँडी बाळाच्या नाजूक त्वचेतून आत जाते. तेही टाळावे.

फलटणची_काकू
बुधवार, दुपारी ३.०५

भरलेली छाती दूध जास्त झाल्याची खूण नसते, हे मला चाळीस वर्षांनी समजले. आत्या आता नाहीत, नाहीतर त्यांना फोन केला असता. बाळ त्या रात्री सारखे उठायचे, त्याचे कारण आम्ही दृष्ट समजत होतो.

वाईचा_वैद्य
बुधवार, सायंकाळी ५.४०

एक मुद्दा मांडतो. बाळंतिणीला दशमूलारिष्ट देण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि अरिष्टे-आसवे म्हणजे आंबवून तयार झालेली औषधे. त्यांत अल्कोहोल बाहेरून घालत नाहीत. ते आंबवण्याच्या प्रक्रियेत आपोआप तयार होते. त्यामुळे अरिष्ट म्हणजे दारू नव्हे, आणि त्यातील नैसर्गिक अल्कोहोलचा बाळावर परिणाम होत नाही. मूळ लेखिकेने वाइनऐवजी जेवणानंतर अरिष्ट घेतले तर शक्तीही येईल आणि झोपही चांगली लागेल.

मिरजवासी
बुधवार, रात्री ९.१५

वैद्यबुवांच्या म्हणण्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. १५ ते २० मिलिलिटर अरिष्ट समभाग पाण्यातून घेतले, तर त्यातून साधारण एक ते दीड ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते. वाइनच्या पेल्याच्या तुलनेत ही मात्रा अगदी किरकोळ आहे. परंतु ते नैसर्गिक असल्यामुळे परिणाम होत नाही, हे मात्र खरे नाही. वाइनमधले अल्कोहोलसुद्धा द्राक्षे आंबवूनच तयार होते. शरीराला त्याचे मूळ गाव कळत नाही, त्याला केवळ मात्रा कळते. अरिष्टाची मात्रा पाळली जाते म्हणून ते निभावते. मी असे रुग्ण पाहिले आहेत, जे शक्तीचे औषध म्हणून बाटलीला तोंड लावत असत. शिवाय झोपेसाठी एक अल्कोहोल काढून त्याच्या जागी दुसरे बसवणे हा तिच्या प्रश्नावर उपाय नाही.

विश्रामबागची
बुधवार, रात्री १०.०५

मोजले. माझा पेला २४० मिलिलिटरचा निघाला. बाटलीवर साडेबारा टक्के लिहिले आहे. मला तो लहान वाटत होता, कारण स्टीलचे पेले घरात त्याहून मोठे आहेत.

मिरजवासी
बुधवार, रात्री १०.५०

धन्यवाद. आता हिशोब सविस्तर मांडतो. तुम्ही वाचलेला दोन तासांचा नियम ज्या पेल्यासाठी आहे, तो सुमारे १५० मिलिलिटर वाइनचा असतो आणि त्यात साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असते. नियमात दोन तास हे कमीत कमी सांगितलेले असतात. तुमच्या २४० मिलिलिटरमध्ये जवळजवळ २४ ग्रॅम येते. तुमचे वजन माहीत नाही. पंचावन्न-छप्पन्न किलो धरले, तर शरीर दर तासाला साधारण सहा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल निकाली काढते, आणि कॉफी, अंघोळ किंवा भरपूर पाणी यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. म्हणजे साडेनऊला प्यायलेला पेला पूर्ण संपायला रात्रीचे दीड वाजतात. साडेबाराचे दूध त्याच्या आतच पाजले जाते.

दुधातले अल्कोहोल रक्तातल्या पातळीइतकेच असते आणि रक्तातली पातळी उतरली की दुधातलीही उतरते. म्हणून दूध पिळून टाकून दिल्याने काही लाभ होत नाही. रक्तात अल्कोहोल असेपर्यंत नवे दूधही तसेच येते. दूध टाकायचे असेल, तर ते छाती दाटली म्हणून टाकावे, शुद्धीकरण म्हणून नव्हे.

आता कदाचित वाचणाऱ्यांना आश्चर्य वाटेल असे सांगतो. दुधावाटे बाळाला मिळणारी मात्रा प्रत्यक्षात फार लहान असते. तरीही बाळाचे यकृत अपक्व असल्याने ती टाळलेलीच बरी, आणि पूर्ण न पिणे हाच सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. मात्र तुमच्या बाबतीत मला खरी काळजी दुधाची वाटत नाही. मला काळजी सोफ्याची वाटते.

रक्तात प्रति १०० मिलिलिटर ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असलेल्याने आपल्या कायद्यानुसार गाडी चालवू नये. तुमच्या पेल्यानंतर साडेदहाच्या सुमारास तुम्ही त्या मर्यादेच्या वर असाल, आणि पोट रिकामे असेल तर बहुधा दुपटीच्या आसपास. त्यात भर अशी की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची सावधानता साधारण ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते. पहाटे पाचला उठलेली आई रात्री दहाला काहीही न पिता तिथे पोहोचलेली असते. तुमचा पेला त्या थकव्याच्या डोक्यावर बसतो. अपुऱ्या झोपेच्या शरीरावर थोडे अल्कोहोलही जास्त परिणाम करते, म्हणूनच तो पेला गर्भारपणाआधीच्या त्याच पेल्यापेक्षा वेगळा लागतो.

कऱ्हाडचा_राखणदार
गुरुवार, रात्री १.३०

हा धागा मातांसाठी आहे हे मला कळते, तरीही लिहितो, कारण रात्रीची राखण मीसुद्धा करतो. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे आणि गेल्या दोन वर्षांपासून स्मरणही कमी झाले आहे. आई नाही, भाऊ पुण्यात असतो आणि दर रविवारी फोनवर बाबांची चौकशी करतो. दिवसा एक बाई येतात, रात्र माझी असते. बाबा रात्री तीन-चार वेळा उठतात, आणि उठताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन अडखळतात.

मी रात्री नऊला दोन पेग घेत असे. सुरुवात एका पेगने झाली होती. माझ्या मते मी कधीच दारूडा नव्हतो, कारण मी दिवसा घेत नव्हतो आणि भांडतही नव्हतो. मी फक्त झोपण्यासाठी घेत होतो. मागच्या पावसाळ्यात एका रात्री बाबांनी उशाशी ठेवलेली बेल वाजवली. शेजारच्या काकांना ती भिंतीपलीकडून ऐकू आली. मला ती चार हातांवर असून ऐकू आली नाही. बाबा स्वतःच उठले, न्हाणीच्या उंबऱ्यापाशी पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, ते वाचले, पण त्यानंतर ते आधारानेही फारसे चालले नाहीत.

त्या रात्री बेल मला का ऐकू आली नाही, याचे उत्तर मला डॉक्टरसाहेबांकडून हवे आहे. माझी झोप सावध आहे असा माझा समज होता.

मिरजवासी
गुरुवार, सकाळी ८.४५

तुमचे लिहिणे वाचून थोडा वेळ काही सुचले नाही. उत्तर सांगतो, कारण त्यातच मूळ लेखिकेच्या तीन वाजताच्या जागेचेही उत्तर आहे.

अल्कोहोल झोप लवकर आणते, यात शंका नाही. रात्रीच्या पहिल्या भागात ते गाढ झोपही वाढवते. परंतु ही गाढ झोप नैसर्गिक झोपेसारखी सावध नसते. बाळाचे रडणे किंवा बेल ऐकून जागे होण्यासाठी मेंदूला लागणारा इशारा वाढतो. तुमचे कान झोपले नव्हते. कानांनी ऐकलेले डोक्याने दुर्लक्षिले. शिवाय दारूने घशाचे स्नायू सैलावतात, त्यामुळे घोरणे वाढते आणि काहींचा श्वास झोपेत मध्ये मध्ये थांबतो.

मग अल्कोहोल संपू लागते. दाबलेली स्प्रिंग सुटावी तसा मेंदू उलट बाजूला उसळी घेतो. स्वप्नांची झोप, जी पहिल्या भागात दबलेली असते, ती तुटक येऊ लागते, घाम येतो, लघवीला जावे लागते आणि माणूस टक्क जागा होतो. मूळ लेखिकेचा पेला दीडला संपतो आणि त्यांना अडीच-तीनला जाग येते. हिशोब जुळतो. थकवा तसाच राहतो, मग पुढच्या रात्री पेल्याची गरज अधिक वाटते. भूल देताना मी रुग्णाला बेशुद्ध करतो, विश्रांती देत नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण थकलेलाच उठतो. वाइनच्या पेल्याचे स्वरूप थोड्याफार फरकाने तेच आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. केवळ वाइनमुळेच जाग येते असे मी ठामपणे म्हणत नाही. प्रसूतीनंतर थायरॉईड बिघडतो, रक्त कमी असते, आणि मन खिन्न झाले तर बाळ झोपलेले असतानाही आईला झोप लागत नाही. पेला बंद करून दोन आठवडे वहीत नोंद ठेवा. तरीही पहाटेची जाग राहिली, रडू येत राहिले, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले, तर ती दुखणी आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर विनामूल्य मराठीतून बोलता येते, आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे.

शेंगदाणा_चटणी
गुरुवार, सकाळी ९.३०

भूलतज्ज्ञांनी वाइनला कमी दर्जाची भूल ठरवली, म्हणजे स्पर्धकाची निंदाच की. बाकी कऱ्हाडच्या दादांचे वाचल्यावर विनोद सुचत नाही. दादा, भावाचा रविवारचा फोन तुम्ही स्पीकरवर ठेवून थेट न्हाणीच्या दारापाशी नेऊन ठेवा.

औंधची_माई
गुरुवार, दुपारी १२.४०

मी औंधची. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली परिचारिका. घरोघरी जाऊन अनेक बाळंतिणींच्या उशाशी बसले आहे. येथे औषधाचे आणि हिशोबाचे झाले, आता झोपेच्या जागेचे सांगते.

मुली, ज्या रात्री तू एकटी आहेस त्या रात्री सोफा आणि आरामखुर्ची पाजण्यासाठी वापरायचीच नाही, प्यायली असलीस वा नसलीस तरी. थकलेल्या बाईला डुलकी लागतेच, आणि बाळ तेव्हा सोफ्याच्या खाचेत किंवा आईच्या कुशीत दबते, किंवा तोंड उशीत जाते. त्यापेक्षा जमिनीवर घट्ट गादी घालून तिच्यावर बसून किंवा कुशीवर पाज. डुलकी लागली तरी तिथून पडायला जागा नसते. गादीवर उशी, लोड, जाड गोधडी आणि खेळणी ठेवायची नाहीत. पाजून झाले की बाळाला त्याच्या वेगळ्या, घट्ट आणि सपाट बिछान्यावर पाठीवर निजवायचे. ज्या दिवशी कोणी काही प्यायले असेल, किंवा सर्दीची गुंगी येणारी गोळी घेतली असेल, त्या दिवशी बाळाला एकाच बिछान्यावर घेऊन झोपायचे नाही. आपल्याकडे शेजारी घेऊन झोपण्याची पद्धत आहे आणि ती मी मोडीत काढत नाही, पण गुंगीत असलेल्या माणसाने ती पाळू नये.

दुसरे, तुझी झोप तुकड्यातुकड्यांची आहे म्हणून ती तुला पुरत नाही. एक सलग चार-पाच तासांचा तुकडा दिवसभरात केव्हाही मिळाला तरी माणूस सावरतो. मिस्टर सकाळी साडेआठला येतात, ते थकलेले असतात हे खरे आहे. पण ते घरी आले की त्यांनी आधी चार तास बाळ घ्यावे आणि तू नऊला झोपावेस, मग त्यांनी झोपावे. दूध आधी पिळून ठेवता येते. स्वच्छ भांड्यात फ्रीजमध्ये आतल्या कोपऱ्यात ठेवले तर चार दिवस चालते. बाहेर मात्र आपल्या उन्हाळ्यात चार तासांच्या पुढे भरवसा धरू नकोस, त्याआधीच वापर. गरम करायचे ते वाटीतल्या कोमट पाण्यात भांडे ठेवून, उकळून नव्हे. दिवसा तू झोपलीस म्हणून कोणी काही म्हणाले तर मला सांग.

विश्रामबागची
गुरुवार, रात्री १०.१५

माई, वाचून डोळे भरून आले. एक गोष्ट कबूल करते, जी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती. वाइन मला फक्त झोपेसाठी लागत नव्हती. मुलगी झोपल्यानंतरचा तो अर्धा तास दिवसभरातला एकमेव असा वेळ होता जो कोणी मागत नव्हते. पेला हातात घेतला की दिवस संपला असे वाटायचे. मिस्टर तेव्हा कामावर जायच्या तयारीत असतात आणि घर एकदम शांत होते. पेला बंद केला तर त्या अर्ध्या तासात मी काय करायचे, हे मला खरोखर कळत नाही.

सज्जन_सातारा
गुरुवार, रात्री १०.४०

नामस्मरण करावे. मला त्याने शांती मिळते.

शेंगदाणा_चटणी
गुरुवार, रात्री १०.५५

आणि मला नामस्मरणाच्या तिसऱ्याच मिनिटाला झोप लागते, म्हणजे तसा तो झोपेचा सर्वांत सुरक्षित उपाय म्हणायला हवा.

फलटणची_काकू
गुरुवार, रात्री ११.२०

या एका बाबतीत सज्जनरावांनी चेष्टेला भिऊ नये, एखादीला तरी ते उपयोगी पडेल. मी मात्र त्या वेळात काही बदलू नये असे म्हणेन. वेळ तोच, जागा तीच, पेलाही तोच ठेव. आत फक्त दुसरे काही असू दे. माझी सून कोकमाचे सरबत थंडगार करून मोठ्या काचेच्या पेल्यात घेते आणि अर्धा तास दार लावून बसते. तिला मुलांनी हाक मारली तरी उठत नाही, नवरा उठतो. पेल्याची ओळख ही निम्मी गोडी असते.

कऱ्हाडचा_राखणदार
शुक्रवार, पहाटे ५.५०

मूळ लेखिकेला जे झाले नाही आणि मला झाले, ते सांगून ठेवतो. बाबांच्या पडण्यानंतर मी रागाने एका दिवसात सगळे बंद केले. दुसऱ्या रात्री हात थरथरू लागले, घाम फुटला, झोप तर नाहीच, आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर काहीतरी हलते असे वाटले. भाऊ घाबरून मला दवाखान्यात घेऊन गेला. तिथे समजले की वर्षभर रोज घेणाऱ्याने अचानक बंद केले तर फेफरे येऊ शकते. तुमच्याकडे एक पेला आहे म्हणून तुम्हाला तसे होणार नाही, पण येथे वाचणाऱ्या कोणी रोज एक क्वार्टर घेत असेल, तर त्याने डॉक्टरांना विचारूनच थांबावे.

झोपेची गोळी दारूसोबत घेण्याचाही मी प्रयत्न केला होता. दोन्हींचा अंमल एकमेकांवर चढतो आणि श्वास मंदावतो, हे दवाखान्यात समजले.

आता काय करतो, तर आठवड्यातून दोन रात्री एक माणूस ठेवला आहे. त्याचे पैसे भावाकडून मागून घेतले. मागताना लाज वाटली, नंतर फार बरे वाटले. त्या दोन रात्री मी वरच्या खोलीत दार लावून सलग झोपतो. बाकीच्या पाच रात्री राखणीवर असेन तोवर एक थेंबही नाही, हा एकच नियम मला पाळता येतो. दर दिवसाचे नियम मला पाळता येत नाहीत. बाबांच्या गादीखाली आता दाबाची पट्टी आहे. ते उठले की माझ्या खोलीत घंटा वाजते. बेल वाजवण्याची जबाबदारी त्यांच्यावर ठेवणे ही माझी खरी चूक होती.

मिरजवासी
शुक्रवार, दुपारी १.१०

तुमचा राखणीचा नियम माझ्याही कामाचा आहे. भूलतज्ज्ञाच्या नियमातही तेच असते, फक्त आमच्यावर वेळापत्रक लादलेले असते. घरातल्या राखणदाराला कोणी सांगत नाही की तुझी पाळी संपली. पाळी कधी संपते आणि ती कोण घेते, हे ठरवल्याशिवाय पेला सोडा म्हणणे अर्धेच उत्तर आहे. एवढे मान्य करून मला अजून एका गोष्टीवर एकमत होता येत नाही. फलटणच्या काकू म्हणतात तसा तोच पेला जवळ ठेवला, तर काहींना सवय सुटायला मदत होते आणि काहींची इच्छा अधिकच जागी होते. स्वतःचे पाहून ठरवावे लागते.

विश्रामबागची
तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४.००

उशिरा लिहिते आहे. वाइन त्या गुरुवारपासून बंद केली. पहिल्या तीन रात्री झोप आणखी वाईट आली आणि मी धाग्यावर येऊन भांडणार होते. चौथ्या-पाचव्या रात्रीपासून तीनची जाग सुटत गेली. आता ती आठवड्यातून एक-दोनदा येते, आणि मुलगीच उठवते तेव्हा येते. थायरॉईड तपासला, तो ठीक निघाला. रक्त कमी निघाले, त्याच्या गोळ्या सुरू आहेत, म्हणून सुधारणेचे सगळे श्रेय पेल्याला देता येणार नाही.

सोफ्यावर आता धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो, त्यामुळे तिथे बसताच येत नाही. पाजायला जमिनीवरची गादी घेतली आहे. सकाळचा सलग तुकडा नऊ ते एक असा जमला. मिस्टरांना पहिल्या दिवशी मुलीने रडून दमवून सोडले, दुसऱ्या दिवशी दोघेही झोपलेले दिसले, मग मला परत मुलीला वेगळ्या बिछान्यावर निजवायला सांगावे लागले. कोकमाचा पेला मला जमला नाही. त्याने खरेच वाइनची आठवण येत होती. मी त्या वेळी गच्चीवर जाऊन वीस मिनिटे बसते.

एकदा मामेभावाच्या लग्नात मी थोडी घेतली. त्या रात्री आई शेजारी होती आणि मुलगी तिच्याजवळ झोपली होती. दूध आधीच पिळून ठेवले होते.

सासूबाईंना अजून काही सांगितलेले नाही. पुढच्या आठवड्यात मिस्टरांची पाळी चार ते बारा होते, म्हणजे सकाळी ते घरी असतील, पण मुलगी नेमकी संध्याकाळी किरकिर करते. तो तुकडा कुठून काढायचा, हे अजून ठरलेले नाही.

औंधची_माई
रविवार, सायंकाळी ५.३०

चार ते बाराच्या आठवड्यात तुझी रात्र बारानंतरची आहे. ते घरी आले की साडेबाराचे दूध पाजून तू झोप, आणि पहाटेचे एक पाजणे त्यांनी पिळलेल्या दुधाने घ्यावे. संध्याकाळच्या किरकिरीला मात्र माझ्याकडेही औषध नाही. शेजारच्या घरात कोणी आजी आहेत का?

विश्रामबागची
रविवार, सायंकाळी ५.५०

आहेत. वरच्या मजल्यावर. त्यांना मुलीचे फार कौतुक आहे. उद्या विचारते.